पाइप पासष्टचा, व्हॉल्व्ह बत्तीसचा

मोठ्या इमारतीच्या ए.एच.यू. खोलीत पाइप जोडणाऱ्या फिटरला नकाशातली एक गोष्ट हमखास खटकते. थंड पाण्याचा पाइप ६५ मिलिमीटरचा, आयसोलेशन व्हॉल्व्ह ६५चा, स्ट्रेनर ६५चा, पण मधला कंट्रोल व्हॉल्व्ह तेवढा ३२चा. त्याच्या दोन्ही बाजूंना रिड्यूसर लावायचे, म्हणजे पाइप आधी बारीक करायचा आणि लगेच पुन्हा जाड करायचा. नकाशात चूक झाली असावी असं समजून कित्येकदा साइटवर पाइपाच्याच मापाचा, म्हणजे ‘लाइन साइज’ व्हॉल्व्ह मागवला जातो. पाणी कुठे अडणार नाही, म्हणून तो सुरक्षित वाटतो.

पाणी खरोखरच अडत नाही, आणि अडचण नेमकी तिथेच सुरू होते. कंट्रोल व्हॉल्व्हचं कामच पाणी अडवण्याचं आहे, तेही हवं तेव्हा आणि हवं तेवढंच. म्हणून त्याचं माप पाइपाच्या जाडीवरून ठरत नाही. त्याच्या वाट्याला पाण्याचा किती दाब येतो, यावरून ते ठरतं.

आधी पाणी कुठून कुठे जातं ते पाहू. मॉल, इस्पितळ किंवा मोठं कार्यालय यांसारख्या ठिकाणी प्लँट रूममधला चिलर पाणी साधारण ७ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतो. पंप ते पाणी प्रत्येक मजल्यावरच्या ए.एच.यू.कडे पाठवतो. तिथे तांब्याच्या नळ्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची कॉइल असते. नळ्यांमधून पाणी जातं आणि पट्ट्यांमधून पंखा हवा ओढतो. हवा थंड होते, पाणी कोमट होऊन चिलरकडे परततं. खोलीत माणसं कमी असली, ऊन उतरलं, की इतक्या पाण्याची गरज राहत नाही. ते कमी करण्यासाठी कॉइलला जोडून कंट्रोल व्हॉल्व्ह बसवतात. त्याच्या डोक्यावरचा अ‍ॅक्च्युएटर तापमान मोजणाऱ्या कंट्रोलरच्या हुकमानुसार दांडा वरखाली करतो.

या लेखापुरती एक दहा मजली इमारत कल्पू. प्रत्येक मजल्यावर २० टनांचं एक ए.एच.यू. आणि तळघरात प्लँट रूम. वातानुकूलनातला एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता, तेव्हा २० टन म्हणजे ७० किलोवॅट. पाणी ७ अंशांवर आत जाऊन १२.५ अंशांवर बाहेर पडावं असं ठरवलं, तर प्रत्येक कॉइलला तासाला ११ घनमीटर, म्हणजे ११ हजार लिटर पाणी लागतं. एवढं पाणी ६५ मिलिमीटरच्या पाइपातून सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने शांतपणे वाहतं. पाइपाचं माप बरोबर आहे. आता व्हॉल्व्हचं ठरवायचं.

प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅटलॉगमध्ये केव्हीएस नावाचा एक आकडा छापलेला असतो. हा त्याचा प्रवाह गुणांक. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना त्याच्या दोन बाजूंच्या दाबात एक बारचा फरक ठेवला, तर तासाला जितकी घनमीटर पाणी त्यातून जाईल, तो हा आकडा. मधल्या कुठल्याही उघडीपीला असाच जो गुणांक निघतो, तो नुसता केव्ही. प्रवाह आणि दाबातली घट यांचं नातं एका ओळीत मावतं:

```
Kv = Q / √Δp
```

इथे Q म्हणजे तासाला घनमीटर आणि Δp म्हणजे व्हॉल्व्हमध्ये खर्ची पडणारा दाब, बारमध्ये. एक बार म्हणजे १०० किलोपास्कल. सूत्रातलं वर्गमूळ महत्त्वाचं आहे. त्याच व्हॉल्व्हमधून दुप्पट पाणी न्यायचं तर चौपट दाब लागतो.

केव्हीएसचे आकडे मनाला येतील तसे मिळत नाहीत. बाजारात ते ६.३, १०, १६, २५, ४०, ६३ अशा पायऱ्यांनी येतात. ही माळ शार्ल रेनार या फ्रेंच लष्करी अभियंत्याची. एकोणिसाव्या शतकात फुग्यांच्या दोरांची असंख्य मापं आटोक्यात आणताना त्याने ती बसवली. हिच्यात प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे १.६ पट असतो. त्यामुळे एक पायरी खाली उतरलं की तेवढ्याच प्रवाहाला अडीच पट दाब खर्च होतो. निवड करताना हातात मधले पर्याय नसतात, हे लक्षात ठेवायला हवं.

आता ११ घनमीटरचा हिशेब लावू. ६५ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हचा केव्हीएस सर्वसाधारणपणे ६३ असतो. सूत्रात घातल्यावर दाबातली घट निघते फक्त ३ किलोपास्कल. केव्हीएस २५चा व्हॉल्व्ह (बहुधा ४० मिलिमीटरचा) घेतला तर १९ आणि केव्हीएस १६चा (बहुधा ३२ मिलिमीटरचा) घेतला तर ४७ किलोपास्कल. फिटरला, आणि पंपाच्या विजेचं बिल भरणाऱ्यालाही, ३चा आकडा सगळ्यात गोड वाटणार. पण व्हॉल्व्ह एकटा नसतो. त्याच्या रांगेत कॉइल आहे, ती ३० किलोपास्कल घेते. स्ट्रेनर, वळणं आणि मजल्यावरचे पाइप मिळून आणखी १० घेतात. आणि ही सगळी शाखा ज्या दोन उभ्या पाइपांना जोडली आहे, त्यांच्यातला दाबफरक पंपाने ठरतो. आपल्या इमारतीत पहिला मजला पंपाच्या जवळ आहे. तिथे हा फरक १२० किलोपास्कल धरू. दहाव्या मजल्यापर्यंत पोहोचेस्तोवर तो ६० उरतो.

इथे व्हॉल्व्हची ऑथॉरिटी समोर येते. व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला की शाखेत पाणी वाहत नाही. कॉइलमध्ये, स्ट्रेनरमध्ये, पाइपात कुठेच दाब खर्च होत नाही, आणि सगळाच्या सगळा १२० किलोपास्कलचा भार एकट्या व्हॉल्व्हवर येतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना ठरलेल्या प्रवाहाला त्याच्या वाट्याला येतात ३ किलोपास्कल. या दोन आकड्यांचं गुणोत्तर म्हणजे ऑथॉरिटी:

```
N = Δp(उघडा) / Δp(बंद)
```

लाइन साइज व्हॉल्व्हसाठी पहिल्या मजल्यावर ती ३ भागिले १२०, म्हणजे ०.०२५ भरते. शाखेतल्या एकूण अडथळ्यात या व्हॉल्व्हचा हिस्सा अडीच टक्के. जवळजवळ सगळा अडथळा दुसऱ्यांचा असेल, तर याने दांडा थोडा वर केला काय आणि पूर्ण वर केला काय, पाण्याला फारसा फरक पडत नाही. अंगणातल्या मोठ्या नळाला लांबलचक बारीक रबरी पाइप लावून झाडांना पाणी घालणाऱ्याला हे ठाऊक असतं. नळ पाव फेरा उघडला की पाइपातून यायचं तेवढं पाणी येऊ लागतं. पुढचे सगळे फेरे वाया जातात.

हे आकड्यांत मांडता येतं. साधा सरळ रेषेत उघडणारा व्हॉल्व्ह, म्हणजे दहा टक्के दांड्याला दहा टक्के केव्ही देणारा, ०.०२५ ऑथॉरिटीवर बसवला, तर दहा टक्के उघडताच ठरलेल्या प्रवाहाच्या ५४ टक्के पाणी सुटतं. आणि कॉइलचा स्वभाव यात भर घालतो. नेहमीच्या कॉइलला पाणी निम्मं केलं तरी ती पूर्ण क्षमतेच्या पाऊणभर किंवा त्याहून थोडा जास्त थंडावा देते, कारण हळू वाहणारं पाणी जास्त वेळ कॉइलमध्ये राहून जास्त उष्णता घेतं. थंडावा निम्म्यावर आणायचा तर पाणी पावभरावर आणावं लागतं. म्हणजे दांड्याच्या पहिल्या एक दशांश हालचालीत पाऊण काम उरकतं, आणि उरलेल्या नऊ दशांश हालचालीला करण्यासारखं फार काही राहत नाही.

कॉइलच्या या स्वभावावर उतारा म्हणूनच तिच्यासाठी इक्वल पर्सेंटेज जातीचा व्हॉल्व्ह निवडतात. त्याच्या आतल्या प्लगचा आकार असा घडवलेला असतो, की दांड्याच्या प्रत्येक सारख्या टप्प्याला केव्ही आधीच्या सारख्याच पटीने वाढतो. सुरुवातीला तो थेंबाथेंबाने सोडतो आणि शेवटी झपाट्याने उघडतो. निम्म्या दांड्याला त्याचा केव्ही पूर्ण केव्हीच्या फक्त १४ टक्के असतो. कॉइल सुरुवातीला उतावीळ, व्हॉल्व्ह सुरुवातीला संथ. दोघं एकमेकांना सावरतात आणि दांडा व थंडावा यांचं नातं जवळपास सरळ रेषेवर येतं.

मात्र ही जुळणी ऑथॉरिटी असेल तरच टिकते. पहिल्या मजल्यावर केव्हीएस १६चा इक्वल पर्सेंटेज व्हॉल्व्ह बसवला, तर ऑथॉरिटी ४७ भागिले १२०, म्हणजे ०.३९ येते. निम्म्या दांड्याला तो २२ टक्के पाणी सोडतो आणि तेवढ्यात कॉइल जवळपास निम्मा थंडावा देते. अगदी हवं तसं. त्याच जातीचा पण केव्हीएस ६३चा व्हॉल्व्ह त्याच जागी बसवला, तर निम्म्या दांड्याला ६७ टक्के पाणी सुटतं. प्लगच्या आकारावर कारखान्यात घेतलेली सगळी मेहनत पाण्यात जाते.

तळाशी तर आणखी वाईट. अशा चांगल्या व्हॉल्व्हलाही एक किमान नियंत्रित प्रवाह असतो, साधारण पूर्ण केव्हीच्या पन्नासावा भाग. त्याखाली तो एक तर बंद असतो, नाही तर एकदम तेवढा उघडतो. ०.३९ ऑथॉरिटीवर हा किमान प्रवाह ठरलेल्या पाण्याच्या सुमारे ३ टक्के पडतो. ०.०२५वर तो साडेबारा टक्के होतो, आणि तेवढ्या पाण्यात कॉइल पाव क्षमतेच्या वर थंडावा देते. म्हणजे ज्या वेळी खोलीला याहून कमी थंडावा हवा असेल, त्या वेळी हा व्हॉल्व्ह उघड-मीट करत राहण्याखेरीज दुसरं काही करू शकत नाही. या उघड-मिटीला तंत्रज्ञ ‘हंटिंग’ म्हणतात.

मुंबईसारख्या शहरात पावसाळ्यात हे विशेष भोवतं. बाहेर ऊन नसतं, त्यामुळे तापमानाचा भार कमी आणि व्हॉल्व्ह बहुतेक वेळ खालच्या पट्ट्यात. हवेत ओल मात्र गच्च. कॉइल थंड असते तोवर ती ओल पट्ट्यांवर दवासारखी जमते आणि खालच्या ट्रेमध्ये ठिबकते. व्हॉल्व्ह बंद झाला की कॉइल कोमट होते आणि पट्ट्यांवर धरलेलं पाणी पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा हवेत उडतं. दर काही मिनिटांनी असं चालू राहिलं, की तापमानाचा सरासरी आकडा बरोबर दिसूनही खोली दमट राहते, कागद मऊ पडतात, थंड भिंतींवर बुरशी धरते.

मोठ्या व्हॉल्व्हचं दुसरं नुकसान इमारतीच्या दुसऱ्या टोकाला दिसतं. पहिल्या मजल्यावर १२० किलोपास्कल उपलब्ध आहेत आणि लाइन साइज व्हॉल्व्ह, कॉइल, पाइप मिळून ११ घनमीटरला फक्त ४३ घेतात. सकाळी इमारत तापलेली असताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि शाखेत दुसरा अटकाव नसला, तर पाणी ११वर थांबत नाही. ते तासाला १८ घनमीटरपर्यंत चढतं. एवढ्या जास्तीच्या पाण्याने कॉइलचा थंडावा फार तर दहा-पंधरा टक्क्यांनी वाढतो. पाणी १२.५ अंशांऐवजी साडेदहा-अकरा अंशांवरच परत फिरतं. खालच्या मजल्यांनी असं पाणी ओढलं, की दहाव्या मजल्याला ते कमी पडतं. तिथून तक्रार आली की ऑपरेटर दुसरा पंप सुरू करतो, दाब आणखी वाढतो, आणि खालचे मजले आणखी पाणी ओढतात. चिलरकडे परतणारं पाणी पुरेसं कोमट नसल्याने चिलरची क्षमता पूर्ण वापरली जात नाही, पण पंप मात्र पूर्ण जोरात चालतात.

यावर बॅलन्सिंग व्हॉल्व्ह हा उपाय सगळ्यांना सुचतो, आणि एका मर्यादेपर्यंत तो बरोबर आहे. शाखेत तो बसवून आवळला की कमाल प्रवाह ११वर आणता येतो, दहाव्या मजल्याची लूट थांबते. परंतु लाइन साइज कंट्रोल व्हॉल्व्हची ऑथॉरिटी त्याने वाढत नाही. कंट्रोल व्हॉल्व्हचा वाटा तोच ३ किलोपास्कल राहतो आणि बंद असताना त्याच्यावर येणारा दाब तोच १२०. मधले ७७ किलोपास्कल एका स्थिर अडथळ्यात जाळले जातात, इतकंच. तोच दाब कंट्रोल व्हॉल्व्हला दिला असता, तर त्याला हुकूम चालवायला बळ मिळालं असतं. केव्हीएस १६ निवडला तर बॅलन्सिंग व्हॉल्व्हला जेमतेम ३३ किलोपास्कल घ्यावे लागतात.

मग सगळीकडे १६चाच का बसवू नये? कारण दहाव्या मजल्यावर उपलब्ध दाबफरक ६० आहे. तिथे कॉइल आणि पाइपांचे ४० आणि या व्हॉल्व्हचे ४७ मिळून ८७ होतात. तेवढं हवं असेल तर पंपाचा दाब २७ किलोपास्कलने वाढवावा लागेल, आणि तो एका मजल्यासाठी नव्हे, दहाही मजल्यांच्या मिळून ११० घनमीटर पाण्यासाठी. याची किंमत पूर्ण प्रवाहाला साधारण सव्वा ते दीड किलोवॅट वीज. दहाव्या मजल्यावर केव्हीएस २५चा व्हॉल्व्ह १९ किलोपास्कल घेतो, बेरीज ५९ होते, आणि ऑथॉरिटी ०.३२ मिळते. पंपाला हात न लावता काम भागतं. हाच २५चा व्हॉल्व्ह पहिल्या मजल्यावर बसवला तर तिथे ऑथॉरिटी ०.१६वर घसरते.

तेव्हा दोन मजल्यांवर अगदी एकाच बनावटीचं, एकाच टनांचं ए.एच.यू. असूनही त्यांचे व्हॉल्व्ह वेगळे निघतात. डिझायनर सहसा ऑथॉरिटी ०.५च्या आसपास मिळावी असा प्रयत्न करतात आणि ०.२५ ते ०.३च्या खाली जाऊ देत नाहीत. यातला प्रत्येक आकडा काढण्यासाठी फक्त तीन गोष्टी लागतात: कॉइलचा प्रवाह, कॉइल आणि पाइपांतली दाबाची घट, आणि त्या मजल्यावरचा उपलब्ध दाबफरक. तिसरी गोष्ट न काढताच ‘२० टनांना अमुक व्हॉल्व्ह’ असा तक्ता वापरला जातो, तिथे घोळ होतो. अ‍ॅक्च्युएटर निवडतानाही एक खबरदारी हवी. व्हॉल्व्ह बंद करताना त्याला शाखेच्या नव्हे, पंपाच्या कमाल दाबाविरुद्ध दांडा घट्ट धरून ठेवता आला पाहिजे. नाही तर बंद व्हॉल्व्हमधूनही पाणी झिरपत राहतं.

कागदावरची ऑथॉरिटी चालू इमारतीत तशीच राहत नाही. संध्याकाळी निम्मे व्हॉल्व्ह मिटले, की मुख्य पाइपातलं पाणी कमी होतं, वाटेतली दाबाची घट जवळपास नाहीशी होते, आणि दहाव्या मजल्यावरचा ६०चा दाबफरक वर चढू लागतो. पंप एकाच वेगाने फिरत असेल, किंवा त्याचा वेग प्लँट रूममधल्याच दाबमापकावर चालत असेल, तर तो १२०च्या जवळ पोहोचतो आणि ०.३२ची ऑथॉरिटी निम्म्यावर येते. म्हणून पंपाच्या वेगाला हुकूम देणारा दाबफरकाचा सेन्सर प्लँट रूममध्ये न लावता सगळ्यात दूरच्या शाखेवर लावतात. जिथे दाब फारच वरखाली होतो, तिथे प्रेशर इंडिपेंडंट व्हॉल्व्ह वापरतात. त्याच्या पोटात एक स्प्रिंग आणि पडदा असतो. बाहेरचा दाब कितीही बदलला तरी हा पडदा आतल्या नियंत्रक भागावरचा दाबफरक कायम ठेवतो, त्यामुळे ऑथॉरिटी एकच्या जवळ राहते आणि वेगळा बॅलन्सिंग व्हॉल्व्हही लागत नाही. तो महाग असतो, त्याला किमान दाबफरक मिळावा लागतो, साधारण १५ ते ३० किलोपास्कल, आणि पाण्यातल्या गंजाने व गाळाने त्याचा पडदा अडकू शकतो. जुन्या, गंजलेल्या पाइपांच्या इमारतीत तो बसवण्याआधी पाइप धुऊन घेणं आणि बारीक जाळीचा स्ट्रेनर लावणं भागच असतं.

आधीच बांधलेल्या इमारतीत व्हॉल्व्ह फार मोठा आहे का, हे ओळखायला काही फोडावं लागत नाही. बी.एम.एस.च्या पडद्यावर एका दिवसाच्या तीन रेषा एकत्र मांडायच्या: व्हॉल्व्हची उघडीप, ए.एच.यू.मधून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान आणि परतीच्या पाण्याचं तापमान. मे महिन्याच्या दुपारीही उघडीप १५-२० टक्क्यांच्या वर जात नसेल, सकाळ-संध्याकाळ ती करवतीच्या दातांसारखी शून्य ते दहा नाचत असेल आणि हवेचं तापमान तिच्या मागोमाग झुलत असेल, तर संशय बळावतो. शहानिशा करायची तर व्हॉल्व्ह हाताने १०, २०, ३०, ५० आणि १०० टक्क्यांवर धरून प्रत्येक वेळी बॅलन्सिंग व्हॉल्व्हच्या टोचण्यांवर प्रवाह मोजायचा. ३० टक्क्यांपाशीच चाळीस टक्के पाणी आणि ५०पाशी दोन तृतीयांश पाणी सुटत असेल, तर निदान पक्कं. मात्र हा नाच फक्त कंट्रोलरच्या चुकीच्या सेटिंगमुळेही होऊ शकतो. प्रवाहाचे आकडे ठीक आले तर आधी तिकडे पाहावं.

कंट्रोलर मंद करून नाच थोडा शमतो, पण दुपारी भार वाढला की तोच कंट्रोलर गरजेपेक्षा हळू चालतो. खरा इलाज व्हॉल्व्ह बदलण्याचा. काही बनावटींमध्ये बाहेरची बॉडी तीच ठेवून आतला प्लग आणि सीट कमी केव्हीएसची बसवता येते, तेव्हा पाइप कापावा लागत नाही. ते शक्य नसेल तर शाखेवर दाबफरक स्थिर ठेवणारा नियंत्रक बसवून पहिल्या मजल्याचा १२०चा भार ६०वर आणता येतो. केव्हीएस २५चा व्हॉल्व्ह आधीच बसवलेला असेल, तर एवढ्यानेच त्याची ऑथॉरिटी ०.१६वरून ०.३२वर जाते. ६३चा असेल तर दुप्पट होऊनही ती ०.०५च राहते, तिथे पाइप कापून रिड्यूसरसह लहान व्हॉल्व्ह बसवण्यावाचून गत्यंतर नाही.